गिलासात किती मोसंबी?

आण्णांची तीन महिन्यांची साखर वाढून आली, ७.१ वरून थेट ८.२. रिपोर्ट हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. माझे वडील एसटीतून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली आणि मधुमेह लागून नऊ. या नऊ वर्षांत त्यांनी चहातली साखर सोडली, गूळ सोडला, लग्नाच्या पंगतीत जिलेबीवरून हात फिरवून पुढं जायला शिकले. पहाटे रंकाळा टॉवरपासून शालिनी पॅलेसपर्यंत जाऊन परत यायचा नेम पावसाळ्यातसुद्धा मोडला नाही. औषधं तीच, जेवण तेच, चालणं तेच. मग ही साखर आली कुठून?

मी आहारतज्ज्ञ आहे. रोज दहा-बारा लोकांना हाच प्रश्न विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर त्यांनी न सांगितलेल्या एखाद्या साध्या गोष्टीत सापडतं. इथंही तसंच झालं. चालून झाल्यावर आण्णा आणि त्यांचे चार मित्र एका गाड्यावर थांबून मोसंबीचा रस पीत होते. चार महिने, रोज एक मोठा ग्लास. आण्णांनी हे लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"आगं, बिनसाखरेचा घेतो मी," ते म्हणाले. "त्यो पोरगा साखर घालाय लागला की हात धरतो त्याचा. फळाचाच रस हाय न्हवं त्यो?"

मी म्हटलं, "आण्णा, रस नको, फळ खावा." हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल.

त्यावर त्यांनी विचारलं, "मोसंबी तीच, साखर तीच. खाल्ली काय आन् प्याली काय, फरक कसा पडंल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडं उत्तरही होतं, पण ते पुस्तकातलं होतं. रसात तंतू नसतात, साखर पटकन चढते, वगैरे. आण्णांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलून बघितलेली. त्यांना 'वगैरे' चालत नाही. मी ठरवलं, मोजूनच दाखवायचं. आणि खरं सांगते, मोजायला बसले तेव्हा मलाही काही गोष्टी नव्यानं कळल्या.

रविवारी लक्ष्मीपुरीतून डझनभर मोसंबी आणली. आपल्याकडं मोसंबी पिकत नाही, ती जालन्याकडून येते. पातळ सालीची आणि हातात जड लागणारी बघून घेतली. त्यातली चार स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ८४५ ग्रॅम भरली. म्हणजे एक फळ साधारण २१० ग्रॅमचं. चारच का? गाड्यावरच्या पोराला आदल्या दिवशी विचारून आले होते. "मोठ्या गिलासाला चार लागत्यात ताई, बारीक असली तर पाच." तो सहज बोलला, पण या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या वाक्यात होतं.

साखर मोजायला मला प्रयोगशाळा लागली नाही. आमचा चुलतभाऊ करवीर तालुक्यात ऊस लावतो. त्याच्याकडं ब्रिक्स मीटर आहे. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे यंत्र समजावून सांगायची गरज नाही. ऊस तोडीला आलाय का बघायला कांडी चिरून रसाचा एक थेंब त्याच्या काचेवर टाकायचा, झाकण पाडायचं, उजेडाकडं धरून दुर्बिणीसारखं बघायचं. आत निळा आणि पांढरा भाग जिथं मिळतो तिथला आकडा वाचायचा. रसात जितकं जास्त काही विरघळलेलं, तितका उजेड जास्त वाकतो आणि रेघ वर चढते. आकडा २० आला तर १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेला ऐवज आहे, आणि उसात त्यातला बहुतेक साखरच असतो. पक्व उसाचा आकडा याच आसपास येतो. जे यंत्र उसाला चालतं ते मोसंबीलाही चालतं. भौतिकशास्त्राला पिकाचं नाव कळत नाही.

दादानं यंत्र देताना एकच बजावलं, "आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य येतंय का बघ, नाहीतर सगळंच चुकंल." बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून ते केलं. एक गोष्ट माझ्या बाजूनं सांगायला हवी. हे यंत्र साखर ओळखत नाही, विरघळलेलं सगळंच मोजतं. लिंबाच्या रसाचा थेंब टाकून बघा, आकडा सात-आठच्या घरात येतो. लिंबात इतकी साखर कुठली? तो आकडा बहुतांश सायट्रिक आम्लाचा असतो. मोसंबी आंबट नसते, त्यामुळं तिथं फसगत कमी होते, तरी आम्ल आणि क्षारांचा थोडा वाटा वजा करावाच लागतो.

चारही मोसंबी सोलून, बिया काढून पाकळ्या वजन केल्या. ५४९ ग्रॅम भरल्या. मग गाड्यावर पिळतात तशा पिळल्या, गाळणीतून गाळल्या. ३३० ग्रॅम रस निघाला, मोठा स्टीलचा ग्लास काठोकाठ. गाळणीत २०५ ग्रॅम चोथा राहिला. थेंब काचेवर टाकला. आण्णांनी स्वतः खिडकीशी जाऊन डोळा लावला.

"धा," ते म्हणाले. "बरोबर धा."

१०० ग्रॅमला दहा, तर ३३० ग्रॅमला ३३. त्यातून आम्ल-क्षारांचा वाटा काढला की साखर सुमारे २८ ग्रॅम उरते. चहाच्या चमच्यात सपाट भरून पाच ग्रॅम साखर धरली तर साडेपाच चमचे. चमचाभरही वरून न घातलेल्या रसात. आण्णांनी चमचे मोजून ताटलीत साखर काढली आणि त्या ढिगाकडं बघत राहिले. चहातला एक चमचा सोडायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं.

आता आण्णांच्या मूळ प्रश्नाकडं येते, कारण इथं मी स्वतः अडखळले. एक अख्खी मोसंबी खाल्ली तर साखर किती? पाकळ्यांमध्ये १०० ग्रॅमला आठ ग्रॅम धरली तर चार मोसंबीत ४४, एका मोसंबीत ११ ग्रॅम. आणि एका मोसंबीच्या रसात? २८ भागिले चार, म्हणजे सात. एका फळाचा हिशेब केला तर रसात साखर कमीच आहे! उरलेली चोथ्यात राहिली. तो चोथा फडक्यात घालून पुन्हा पिळला, निघालेला थेंब काचेवर टाकला, तर तोही दहाच. चोथा म्हणजे कोरडा भुसा नव्हे, रसानं भरलेल्या न फुटलेल्या पिशव्या त्यात तशाच असतात.

म्हणजे 'रस काढला की साखर वाढते' हे माझं इतक्या वर्षांचं बोलणं शब्दशः चूक होतं. रस काढल्यानं साखरेचा एक कणही वाढत नाही. आण्णा म्हणत होते तेच खरं, मोसंबी तीच आणि साखर तीच. वाढतात ती फळं. ग्लास भरायला एक मोसंबी पुरत नाही, चार लागतात. ताटलीत ठेवलेल्या एका मोसंबीनं माणसाचं समाधान होतं, ग्लासात तळाशी पडलेल्या एका मोसंबीच्या रसानं होत नाही. त्याला काठ भरलेला हवा असतो.

संत्र्याचे छापील आकडेही हेच सांगतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या नोंदींत १३१ ग्रॅमच्या एका मध्यम संत्र्यात कर्बोदकं साधारण १५ ग्रॅम आहेत. त्यातली १२ ग्रॅम साखर, ३ ग्रॅम तंतू. ताज्या संत्र्याच्या एका कप रसात, म्हणजे २४८ ग्रॅममध्ये, कर्बोदकं २६ ग्रॅम, साखर २१ आणि तंतू जेमतेम अर्धा ग्रॅम. कुणी बेरीज करून बघेल तर रसाच्या हिशेबात चार-साडेचार ग्रॅम कमी पडतील. त्यात चूक नाही. तिथं 'एकूण कर्बोदकं' हा आकडा वजाबाकीनं काढतात. पाणी, प्रथिनं, चरबी आणि राख वजा केली की जे उरेल ते. त्यामुळं फळातलं आम्लही त्यात येऊन बसतं. पेशंट पाकिटावर किंवा मोबाइलवर 'कार्ब' बघून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, तेव्हा मी त्यांना आधी दोन आकडे वेगळे करायला लावते. साखर किती आणि तंतू किती. फळात कर्बोदकांचा पाचवा हिस्सा तंतूंचा असू शकतो, आणि ते तंतू रक्तातली साखर वाढवत नाहीत.

हे सगळं ऐकून घेतल्यावर आण्णा म्हणाले, "मग मी चार मोसंबी खातो की. तेवढीच साखर, वर तुझे तंतू."

"खावा," मी म्हटलं.

पण त्याआधी रक्तातली साखर बघायची होती. आमच्या डॉक्टरांना विचारलं, औषधाच्या वेळा बदलल्या नाहीत, आणि दोन वेगळ्या सकाळी मोजलं. पहिल्या दिवशी उपाशीपोटी १३४ होती. मोजलेला रस आण्णांनी त्यांच्या सवयीनं दोन दमांत संपवला, घड्याळात एक मिनिटही झालं नव्हतं. पाऊण तासानं २१३. दोन तासांनी १७६. आणि मधल्या वेळात, रोजच्यासारखी, बशीभर कांदेपोह्यांची मागणी आलीच. त्या दिवशी मोजणी संपेपर्यंत थांबवलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोन मोसंबी खायला दिल्या, म्हणजे साधारण २२ ग्रॅम साखर. उपाशीपोटी १३९ होती. सोलणं, पाकळी वेगळी करणं, बी थुंकणं यात चौदा मिनिटं गेली. पाऊण तासानं बोटाला सुई टोचली आणि यंत्रावर २९१ आले.

मी हबकले. आईनं तर लगेच डॉक्टरांना फोन लावायला घेतला. मी स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसून पुन्हा मोजलं, तर २४०. दोन मिनिटांत रक्तातली साखर पन्नासनं उतरत नाही. मग लक्षात आलं, मधल्या वेळात आण्णांनी नातीला एक मोसंबी सोलून दिली होती. बोटाला लागलेला रस पट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात मिसळत होता. थेंब तो केवढा, त्यात दहा टक्के साखरेच्या रसाचा पुसटसा थर आला तरी आकडा आभाळाला लागतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावले, पुसून कोरडे केले आणि मोजलं. १७८. दोन तासांनी १५०.

ही चूक फार घरांत होत असणार, म्हणून मुद्दाम लिहिते. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं होतं. फळ सोलल्यावर हात न धुता बोटातली साखर मोजली तर ती खोटी वाढलेली दिसते, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं बोट अनेकदा पुसलं तरी ते जात नाही. पाण्यानं हात धुतल्यावर मात्र आकडा ठिकाणावर येतो. इन्शुलिन घेणारा माणूस त्या खोट्या २९१ वर विसंबून जास्तीचं इन्शुलिन घेईल, तर काय होईल याचा विचार करा. फळ खाऊन मोजलं आणि आकडा न पटण्याइतका मोठा आला, तर आधी नळ गाठायचा.

तर रसानं ७९ नं चढली आणि दोन मोसंबीनं ३९ नं. साखरेचं प्रमाण २८ आणि २२ असं होतं, म्हणजे नुसत्या प्रमाणानं बघितलं तर दुसऱ्या दिवशी साठेकनं चढायला हवी होती. तेवढी चढली नाही. पण यावरून मी कुठलाही सिद्धान्त मांडणार नाही. एक माणूस, दोन सकाळी. घरच्या यंत्राच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं चालतं असं त्याच्यासाठीचं मानकच सांगतं. रात्री झोप कशी झाली, किती चाललात, यानंही आकडा हलतो.

आणि एक गोष्ट जी आमच्या क्षेत्रातले लोकही कधीकधी विसरतात. समान साखर देऊन केलेल्या मोजणीत फळ आणि रस यांच्यातला फरक माणसाला वाटतो तेवढा मोठा नसतो. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते सांगणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात संत्र्याचा आकडा ४३ आहे आणि संत्र्याच्या रसाचा ५०. सफरचंद ३६, त्याचा रस ४१. शुद्ध ग्लुकोज १०० धरून हे आकडे काढलेले आहेत, म्हणजे दोन्ही खालच्याच अंगाला. फळातली बरीच साखर फ्रुक्टोज असते, ती रक्तातलं ग्लुकोज थेट वाढवत नाही, यकृतात जाते. म्हणून कुणी 'रस म्हणजे विष' म्हणायला लागलं तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहणार नाही. पण या तक्त्यात दोन्हीकडं कर्बोदकं सारखी तोलून दिलेली असतात, आणि गाड्यावर कुणी तोलून देत नाही.

पुढच्या रविवारी आण्णांनी शब्द पाळला. चार मोसंबी समोर घेऊन बसले. पहिली सहा मिनिटांत गेली. दुसरीही रमत-गमत गेली. तिसरीला हात संथ झाला, पाकळ्या चघळत, चोथा गालात फिरवत राहिले. चोवीस मिनिटं झाली होती. चौथी उचलली, तळहातावर तोलली आणि परत ठेवली.

"बास. पोट भरलं." थोडं थांबून म्हणाले, "आज पोहे नकोत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जे मला आकड्यांनी पटवता येत नव्हतं ते त्यांच्या जबड्यानं आणि पोटानं त्यांना सांगितलं होतं. रोज सकाळी ते चार मोसंबी पिऊन वर बशीभर पोहे खात होते, कारण त्या चार मोसंबींची खबर पोटाला लागतच नव्हती.

असाच एक प्रयोग इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथं झाला होता, १९७७ साली तो लॅन्सेटमध्ये छापून आला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं. अख्खं, कुस्करून लगदा करून, आणि तंतू पूर्ण काढलेला रस. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. सफरचंद खायला सरासरी सतरा मिनिटं लागली, लगद्याला सहाच्या आसपास, रसाला दीड मिनिट. रसानं पोट सगळ्यात कमी भरल्यासारखं वाटलं, फळानं सगळ्यात जास्त आणि लगदा मध्ये. रक्तातली साखर चढण्यात तिन्हींत फारसा फरक नव्हता. पण रसानंतर इन्शुलिन जास्त उसळलं आणि त्यामागोमाग साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली उतरली. अख्ख्या फळानंतर तसं झालं नाही. ही माणसं निरोगी होती, म्हणून त्यांच्या शरीराला इन्शुलिनची अशी उसळी मारता आली. आण्णांच्या शरीराला ती जमत नाही, म्हणून त्यांचा आकडाच वर जातो.

हे का होतं, तेही आण्णांना इंजिनाच्या भाषेतच सांगितलं. फळातली साखर मोकळी नसते. ती लाखो बारीक पेशींत कोंडलेली असते आणि पेशीच्या भिंती म्हणजेच ते तंतू. दातांनी त्यातल्या काही फुटतात, काही तशाच आतड्यापर्यंत जातात आणि वाटेत हळूहळू रिकाम्या होतात. पेक्टिनसारखा विरघळणारा तंतू आतड्यात चिकट घोळ करतो, त्यातून साखर भिंतीपर्यंत सावकाश पोचते. शिवाय पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढं सरकतो, घट्ट अडून राहतो. "म्हणजे कार्बोरेटर काढून टाकी सरळ जोडली," आण्णा म्हणाले. मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यातही हीच रेघ आखली आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस या सगळ्यांतली साखर ती 'मोकळी साखर' धरते. अख्ख्या फळातली धरत नाही. मोकळ्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत, जमलं तर पाच टक्क्यांच्याही आत. २००० उष्मांक घेणाऱ्याला त्याचे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. आण्णांचा बिनसाखरेचा ग्लास २८ चा होता. पंचविसाची रेघ सकाळी सात वाजताच ओलांडलेली.

पाकीटबंद रसावर 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असतं तेही याच अर्थानं वाचावं. ते खरंही असतं. मागं उलटून १०० मिलीमागे साखर किती ते बघायचं, पाकिटातल्या मिलीनं गुणायचं आणि शंभरानं भागायचं. आणि उन्हाळ्यात दुपारी रसवंतीची घुंगरं वाजली की कोल्हापूरकराचा पाय थांबणारच, पण तिथला हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. वीस ब्रिक्सचा रस, पाव लिटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास, बर्फ वितळेल तसा पातळ होत जाणारा. ऊस दातांनी सोलून खाल्ला तर किती पेरं जातात पोटात?

तरीही आमच्या फ्रिजच्या दारात रसाचं एक छोटं पाकीट कायम असतं. आण्णांच्या औषधांत एक गोळी अशी आहे की जेवण चुकलं तर साखर फार खाली जाऊ शकते. मागच्या वर्षी एकदा गेलीही. बँकेच्या कामात जेवण लांबलं, घरी आले ते घामानं डबडबलेले, हात थरथरत होते, बोलणं तुटक. मोजली तर ५८. अशा वेळी अख्खं फळ कामाचं नाही. तिथं तेच हवं असतं जे एरवी नको असतं, मोकळी आणि धावणारी साखर. नियम पंधराचा आहे. पंधरा ग्रॅम कर्बोदकं द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. आमच्या मोसंबीच्या रसाच्या हिशेबानं पंधरा ग्रॅमला १७० मिलीच्या आसपास लागेल. रस नसेल तर पाण्यात तीन चमचे साखर. त्या दिवशी दुसऱ्या मोजणीला ९१ आली, मग भाकरी-भाजी खायला दिली. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच हे करायचं. नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. त्या पाकिटावर मी मार्करनं 'आण्णांचं औषध' असं लिहून ठेवलंय, म्हणजे मुलं हात लावत नाहीत.

आता आण्णा चालायला जाताना सदऱ्याच्या खिशात एक मोसंबी घेऊन जातात. मित्र गाड्यावर थांबतात तेव्हा हे बाकावर बसून सोलतात. त्यातल्या एका काकांनी परवा मला रंकाळ्यावरच गाठलं. त्यांनाही साखर आहे.

"तुझ्या बाबानं सांगितलं सगळं, गिलासात चार मोसंबी असत्यात म्हणून," ते म्हणाले. "पण पोरी, आता आंबा सुरू हुईल. आमरस ह्यो रस हाय का फळ हाय?"

मला ब्रिस्टलचा तो मधला लगदा आठवला. आमरसात गर सगळा असतो, तंतू गाळून टाकलेले नसतात, पण पेशी फुटलेल्या असतात आणि चावायला काही उरलेलं नसतं. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साखर १४ ग्रॅमच्या आसपास. दीडशे ग्रॅमची वाटी म्हणजे वीस-एकवीस, वरून साखर न घालता. आणि दुसरी वाटी कधी घेतली ते ताटावर कळत नाही.

"काका, वाटीत किती आंबे पिळले ते आधी काकूंना विचारा," मी म्हटलं. "आणि त्या जेवणात पोळ्या किती खाता तेही सांगा, मग बसून हिशेब करू."

"तीन," ते म्हणाले, आणि आण्णांनी सोललेल्या मोसंबीची एक पाकळी उचलून तोंडात टाकली.